सगळ्या टॉवेलांना सारखेच तीस रुपये

आमच्या कारखान्यात टॉवेलचा खर्च काढायची रीत अगदी सोपी होती. सूत, रंग-केमिकल, विणकराची आणि शिलाईची मजुरी ही ज्याची त्याच्या नावावर. बाकी राहिलेला सगळा वरखर्च, म्हणजे वीज, माग दुरुस्त ठेवणाऱ्या जॉबरचे पगार, बॉयलर, डाईंग मास्तर, ऑफिस, घसारा, भाडं, हे एका ढिगात टाकायचं आणि मागाच्या तासांनी भागायचं. तिमाहीचा वरखर्च २४ लाख, माग चाललेले तास २० हजार, म्हणजे तासाला १२० रुपये. आमचे टॉवेल साधारण एकाच मापाचे आणि तासाला चार निघतात, त्यामुळे टॉवेल कुठलाही असो, त्याच्यावर वरखर्चाचे तीस रुपये बसायचे.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला वीस मागांचा हा कारखाना. मी तिथे कॉस्टिंग बघते. माल तीन प्रकारचा निघतो: हॉटेल-हॉस्पिटलला जाणारा पांढरा, बाजारात जाणारा पट्ट्यांचा रंगीत, आणि गिऱ्हाइकाचं नाव किंवा चिन्ह विणलेला जॅकार्ड. या तिसऱ्यावर मालकांचा फार जीव. पांढऱ्यात पाच रुपये सुटतात आणि नावाच्या टॉवेलात पंचवीस, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आकडे आमच्याच शीटमधले होते. पांढऱ्याचं सूत-मजुरी १२५, वर ३०, झाले १५५, विक्री १६०. जॅकार्डचं सूत-मजुरी १४०, वर ३०, झाले १७०, विक्री १९५.

मग पुण्याच्या एका खरेदीदारानं पांढरा टॉवेल १५२ रुपयांनी मागितला, महिन्याला मोठा माल, एकच माप, एकच वजन. मालक नाही म्हणायला निघाले होते. "१५५ ला पडतोय मॅडम, १५२ ला कसा द्यायचा?" मी दोन आठवडे मागितले, कारण त्या तीस रुपयांवर माझा भरवसा नव्हता. त्याआधीच्या महिन्यात जॉबर लोक दिवसचे दिवस जॅकार्डच्या मागांभोवतीच दिसायचे, पांढऱ्याचे माग आपले मुकाट्यानं चालत असायचे. तरी शीटमध्ये दोघांना जॉबरचा खर्च सारखाच.

ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग मी परीक्षेपुरतं शिकले होते. १९८०च्या दशकात रॉबर्ट कॅप्लान आणि रॉबिन कूपर यांनी ही पद्धत मांडली. तिचा गाभा असा, की माल थेट खर्च खात नाही; माल कामं करायला लावतो आणि कामं खर्च खातात. म्हणून आधी खर्च कामांवर टाकायचा, मग कुठल्या मालानं ते काम किती वेळा किंवा किती तास करायला लावलं ते मोजून त्याच्यावर टाकायचा. पहिल्या पायरीत तयार होतात ते कॉस्ट पूल, दुसऱ्या पायरीत मोजतो तो ड्रायव्हर. पुस्तकात पूल आणि ड्रायव्हरचे आकडे आयते छापलेले असतात. कारखान्यात ते कुणाच्या तरी वहीत असतात, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात.

तिमाही निवडताना मी जुलै ते सप्टेंबर घेतली. उन्हाळ्यात डाईंगला टँकरचं पाणी घ्यावं लागतं आणि खर्च फुगतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत कामगार कमी येतात. टॅलीतून त्या तीन महिन्यांची खाती काढली आणि प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहिला: हा खर्च कशामुळे वाढतो?

पगाराच्या ओळी त्रासदायक. एकाच सुपरवायझरचा वेळ तीन ठिकाणी जातो. त्याला विचारलं, तर त्यानं सांगितलं अर्धा मागांवर, पाव डाईंगला, पाव ऑर्डरच्या भानगडीत. मी ज्याला ज्याला विचारलं त्याची बेरीज बरोबर शंभर आली. रिकामा वेळ कुणीच सांगत नाही, आणि सांगेल तरी कशाला? ही गोष्ट मी बाजूला लिहून ठेवली, ती पुढे कामाला आली. विजेचा मीटर एकच होता. मागाच्या मोटारी आणि डाईंगचे पंप यांची हॉर्सपॉवर गुणिले चाललेले तास असं करून बिल वाटलं. अंदाजच तो, पण कारण धरून केलेला.

शेवटी पाच पूल झाले. मागाचा खर्च, म्हणजे वीज, चालू दुरुस्ती, सुटे भाग आणि मागांचा घसारा, ११ लाख. बीम, म्हणजे उभे तार गुंडाळलेला रूळ, आणि डिझाइन बदलण्याचा खर्च ४ लाख. डाईंगचा ५ लाख. यात रंग नाहीत, ते किलोवर मोजून थेट मालावर जातात. ऑर्डर सांभाळण्याचा, म्हणजे नमुना, डिझाइनची मंजुरी, बिल, ट्रान्सपोर्ट, वसुलीचे फोन, २ लाख. आणि भाडं, वॉचमन, विमा, मालकांचं ऑफिस मिळून २ लाख. बेरीज २४ लाखांना जुळते का हे आधी तपासलं. ट्रायल बॅलन्सला न जुळणारे पूल घेऊन पुढे जाण्यात अर्थ नसतो.

मागाच्या खर्चाला ड्रायव्हर मागाचे तासच. तिथे जुनी रीत बरोबरच होती. चूक एवढीच की तोच एक ड्रायव्हर सगळ्या खर्चाला लावला होता. भाडं-वॉचमनचे २ लाख मात्र मी कुठल्याच मालावर टाकले नाहीत. जॅकार्ड बंद केला म्हणून वॉचमनचा पगार कमी होत नाही, आणि ज्याला कारण सापडत नाही त्याला ओढूनताणून ड्रायव्हर लावला की आपण परत जुन्याच ढिगाकडे येतो.

खरी गंमत बीम बदलात होती. दिवाणजींच्या वहीत तिमाहीचे २०५ बदल लिहिलेले: पांढऱ्याचे ८०, रंगीतचे ६५, जॅकार्डचे ६०. सरळ भागाकार केला तर एका बदलाला साधारण १,९५० रुपये, आणि पांढऱ्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त. हे मी विणाई खात्यातल्या अण्णांना दाखवलं. अण्णांनी चाळीसेक वर्षं मागावर काढली आहेत, बोलतात तेलुगू-मराठीच्या मिश्रणात. ते म्हणाले, "ओ मॅडम, सांधणी आन् नवी मांडणी एकच काय ओ?"

मग त्यांनी समजावलं. पांढऱ्याचा बीम संपला की तसाच पांढरा बीम चढतो. जुन्या ताराच्या टोकाला नव्या ताराचं टोक गाठायचं, माग सुरू. याला सांधणी म्हणायचं, दोन तासांचं काम. पण मालच बदलला, तारांची संख्या बदलली, तर वहीफणी, म्हणजे प्रत्येक तार ज्यातून ओवून घेतात ती, परत भरावी लागते. जॅकार्डवर नवं नाव आलं की डिझाइन चढवायचं, पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या फासांच्या सुताचा, रंग बदलायचा, तुकडा विणून बघायचा, अक्षर फाटल्यासारखं दिसलं तर परत हात घालायचा. गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर फोटो बघून हो म्हणेपर्यंत माग उभा. पाळीच्या पाळी जाते, आठ तास धरा, म्हणाले.

म्हणून ड्रायव्हर बदलांची संख्या न ठेवता बदलाचे तास ठेवला. पांढऱ्याच्या ८० सांधण्या, १६० तास. रंगीतच्या ५० सांधण्या आणि १५ नव्या मांडण्या, २२० तास. जॅकार्डच्या १० सांधण्या आणि ५० नव्या मांडण्या, ४२० तास. एकूण ८०० तासांना ४ लाख, म्हणजे तासाला ५०० रुपये. संख्येनं वाटलं असतं तर जॅकार्डवर या पूलचे जेमतेम एकोणतीस टक्के गेले असते. तासांनी साडेबावन्न टक्के गेले. वेळा मोजायच्या की वेळ मोजायचा, हा निर्णय एकेका पूलमध्ये असा उलथापालथ करतो. ओळखायची खूण सोपी आहे: ते काम दर वेळी साधारण सारखाच वेळ खात असेल तर वेळा मोजल्या तरी चालतात, एका वेळेला दोन तास आणि दुसऱ्या वेळेला आठ लागत असतील तर नाही.

डाईंगमध्ये उलट झालं. तिथे लॉटची, म्हणजे एका वेळी भांड्यात घालायच्या घाण्यांची, संख्याच ठेवली. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे लॉट मोठा असो की छोटा, शेड जुळवणं, भांडं धुणं, तापवणं, निवळणं हे सगळं करावंच लागतं. आधीच्या गडद शेडनंतर फिका रंग घ्यायचा असेल तर धुण्यातच किती पाणी जातं ते बघा, असं म्हणत त्यांनी मला नाल्यापर्यंत नेलं. पांढऱ्यालाही ब्लीचचा लॉट लागतो, पण तो २७० किलोचा. जॅकार्डचा ७० किलोच्या आसपास. छोट्या भांड्याला वाफ थोडी कमी लागते, म्हणजे लॉटच्या संख्येनं वाटताना जॅकार्डवर जरासा अन्याय होतो. तो मी राहू दिला, कारण प्रत्येक भांड्याची वाफ मोजायला जेवढा खर्च आला असता त्यामानानं उत्तरात फरक पडत नव्हता. ऑर्डर सांभाळायच्या खर्चाला ड्रायव्हर ऑर्डरची संख्या.

| काम | दर | पांढरा | रंगीत | जॅकार्ड |
|---|---|---|---|---|
| मागाचे तास | ५५ रु. | १२,००० | ६,००० | २,००० |
| बदलाचे तास | ५०० रु. | १६० | २२० | ४२० |
| डाईंगचे लॉट | २,५०० रु. | ८० | ७० | ५० |
| ऑर्डर | २,००० रु. | २० | ३० | ५० |
| तयार टॉवेल | | ४८,००० | २४,००० | ८,००० |

आडव्या ओळीतला दर आणि उभ्या रकान्यातली संख्या यांचा गुणाकार करत गेलं की झालं. पांढऱ्यावर एकूण ९ लाख ८० हजार, टॉवेलमागे २०.४० रुपये. रंगीतवर ६ लाख ७५ हजार, टॉवेलमागे २८.१० रुपये. जॅकार्डवर ५ लाख ४५ हजार, टॉवेलमागे ६८.१० रुपये. बेरीज २२ लाख, आणि न वाटलेले २ लाख. तुलनेसाठी ते दोन लाख ८० हजार टॉवेलांवर सारखे पसरले तर प्रत्येकी अडीच रुपये वाढतात. म्हणजे जुन्या तीस रुपयांच्या जागी पांढऱ्याला सुमारे २३, रंगीतला साडेतीस-एकतीस, आणि जॅकार्डला साडेसत्तर.

रंगीत जवळजवळ होता तिथेच राहिला, हे मला बरं वाटलं. सगळेच आकडे उलटेपालटे झाले असते तर मालकांनी शीट बाजूला ठेवलं असतं. पांढरा १५५ ऐवजी १४८ ला पडत होता, म्हणजे १५२ च्या मागणीत चार रुपये सुटत होते. आणि ज्या नावाच्या टॉवेलात पंचवीस सुटतात असं आम्ही सांगत होतो, तो २१० च्या वर पडत होता आणि १९५ ला जात होता.

मालकांनी कागद पाहून पहिल्यांदा एवढंच विचारलं, "मग जॅकार्ड बंद करू?"

इथे मला त्यांना जरा थांबवावं लागलं, कारण त्या आकड्यातून हे उत्तर निघत नाही. ६८ रुपये फोडून बघितले तर त्यात मागाचे फक्त पावणेचौदा आहेत, पांढऱ्याला लागतात तेवढेच. बाकी ५४ रुपये टॉवेलमुळे लागलेले नाहीत. ते ऑर्डरमुळे लागले आहेत. जॅकार्डच्या ५० ऑर्डर आणि ८,००० टॉवेल, म्हणजे सरासरी ऑर्डर १६० नगांची. एका ऑर्डरला मांडणी-सांधणीचे सुमारे साडेआठ तास, ४,२०० रुपये. एक लॉट, २,५००. ऑर्डर सांभाळणं, २,०००. माग एक फेरा विणायच्या आधी ८,७०० रुपये खर्ची पडलेले. हेच नाव कुणी ४०० टॉवेलांवर मागितलं तर ८,७०० भागिले ४००, पावणेबावीस, अधिक पावणेचौदा, म्हणजे साडेपस्तीस रुपये. हजार मागितले तर साडेबावीस, पांढऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो. आणि एखाद्या लग्नासाठी ५० टॉवेल मागितले, तर नुसता वरखर्च १८८ रुपये, टॉवेलच्या विक्रीच्या किमतीएवढा. जॅकार्ड महाग आहे असं म्हणणं चुकीचं. लहान ऑर्डर महाग आहे.

जुन्या शीटला हे कधीच दिसलं नसतं. मागाचे तास टॉवेलांच्या प्रमाणात वाढतात, म्हणून ५० ची ऑर्डर असो की हजारची, टॉवेलमागे तीसच यायचे. जो खर्च नगामागे वाढतो, जो बॅचमागे वाढतो आणि जो कारखाना उघडला म्हणून लागतो, हे तीन वेगवेगळ्या जातीचे खर्च एकाच भागाकारात गेले की मोठ्या ऑर्डरवाल्याच्या खिशातून लहान ऑर्डरवाल्याला सूट मिळत राहते. आमचा पांढऱ्याचा गिऱ्हाईक हॉटेलच्या नावाच्या टॉवेलाचा खर्च भरत होता.

दुसरी गोष्ट ती शंभर टक्क्यांची, म्हणजे कुणीच न सांगितलेल्या रिकाम्या वेळाची. बदलाचा दर ५०० रुपये आला तो ४ लाख भागिले ८०० तास असा, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामावर. पण बदल करणाऱ्या दोन टोळ्या आहेत, सहा माणसं. हजेरीचे तास धरून, चहा-जेवण आणि इकडचंतिकडचं वजा केलं तर तिमाहीत सुमारे १,००० तास मिळायला हवेत. दर त्यावर काढला पाहिजे: तासाला ४०० रुपये. मग जॅकार्डवर २ लाख १० हजारांऐवजी १ लाख ६८ हजार येतात, आणि वापरात न आलेल्या २०० तासांचे ८० हजार वेगळ्या ओळीत उभे राहतात. ते कुठल्याच टॉवेलचे नाहीत. ते मालकांचे आहेत.

ही ओळ वेगळी न ठेवल्यास काय होतं तेही मालकांना दाखवलं. समजा भाव वाढवले आणि जॅकार्डच्या ऑर्डर घटून बदलाचे तास ५०० वर आले. टोळ्यांचा पगार तोच, म्हणून ४ लाख भागिले ५००, दर ८०० रुपये. मग उरलेला माल महाग दिसतो, आपण परत भाव वाढवतो, आणखी ऑर्डर जातात. मिळणाऱ्या तासांवर दर काढला तर तो ४०० च राहतो आणि रिकामे तास वाढलेले सरळ दिसतात. त्याच कारणानं जॅकार्ड बंद करून साडेपाच लाख वाचत नाहीत. टोळीतली माणसं दुसरीकडे लावली किंवा कमी केली तरच त्यांचा पगार सुटतो. मागाचा घसारा तर सुटतच नाही.

मार्चअखेरच्या स्टॉकच्या किमतीला मात्र हे शीट मी जसंच्या तसं लावलं नाही. लेखा मानक २ प्रमाणे विक्री-वितरणाचा खर्च मालाच्या किमतीत घेता येत नाही, आणि स्थिर उत्पादन खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा असतो. आमच्या ऑर्डर सांभाळण्याच्या पूलमध्ये वसुली आणि ट्रान्सपोर्ट आहे, ते बाहेर. म्हणून भाव ठरवायचं शीट वेगळं आणि ऑडिटरला द्यायचं वेगळं ठेवलं, दोन्हींची बेरीज त्याच २४ लाखांना जुळेल अशा रीतीनं.

पुण्याचा माल १५२ ला घेतला. जॅकार्डला नगाचा भाव उतरवून १७५ केला आणि प्रत्येक नव्या नावाला मांडणीचे ७,५०० रुपये वेगळे लावले, ४०० च्या वरच्या ऑर्डरला ते माफ. तो आकडा ८,७०० च्या खाली आहे, कारण त्यातले रिकामे तास गिऱ्हाइकावर टाकायचे नव्हते. काही जुनी गिऱ्हाइकं रुसली. एका संस्थेनं दर दोन महिन्यांनी शंभर टॉवेल घेण्याऐवजी वर्षाचे एकदम सहाशे घेतले, तेच आम्हाला हवं होतं.

डाईंग मास्तरांनी यात स्वतःची भर घातली. नावाच्या टॉवेलाला गिऱ्हाईक मागेल ती शेड देण्याऐवजी त्यांनी बारा शेडचं कार्ड केलं, म्हणजे दोन-तीन ऑर्डरींचं सूत एका लॉटमध्ये रंगतं. पुढच्या तिमाहीत जॅकार्डचे लॉट पन्नासवरून एकतीसवर आले. शीटवर १९ लॉट गुणिले २,५०० अशी साडेसत्तेचाळीस हजारांची बचत दिसत होती आणि मालक ती बँकेत शोधत होते. खातं उघडून दाखवलं: जळण आणि पाणी मिळून साधारण निम्मी रक्कम खरोखर कमी झाली होती. बाकी मास्तर, हेल्पर आणि बॉयलरवाल्याचा पगार होता, तो जसाच्या तसा गेला. त्या मोकळ्या वेळात बाहेरच्या कारखान्याचं सूत जॉबवर रंगवून द्यायचं का, यावर सध्या मालकांची आणि मास्तरांची बोलणी चालली आहेत.